ओठ हुळहुळायला लागतो तेव्हा विषाणू नेमका कुठे असतो?

सावनी_क
माझ्या खालच्या ओठाच्या डाव्या कडेला वर्षातून काही वेळा फोड येतात. दर वेळी तिथेच, जणू जागा राखून ठेवली आहे. आधी संध्याकाळी ती जागा हुळहुळते, जरा खाजते, आतून झिणझिणल्यासारखं वाटतं. आरशात पाहिलं तर काहीच दिसत नाही. सकाळी लालसर उंचवटा, मग पाण्याचे बारीक फोड एकमेकांना चिकटून, मग फुटणं, मग खपली. हसलं की खपली तडकते आणि पुन्हा पहिल्यापासून. आठवडा-दहा दिवस जातातच.

ताप येऊन गेल्यावर येतात, उन्हात फार वेळ गेला की येतात आणि गेल्या वेळी दाढेचं काम झाल्यावर आले. डॉक्टर म्हणाले, हर्पिस सिम्प्लेक्स आहे, विषाणू शरीरात झोपून असतो, मलम लावा. मलम आणलं, पण तीन प्रश्न तसेच राहिले.

झोपून असतो म्हणजे कुठे? ओठात? रक्तात? दर वेळी तीच जागा का? आणि हुळहुळणं म्हणजे आगाऊ सूचना मिळतेय, तर तिथेच त्याला अडवता का येत नाही?

घरगुती उपाय नकोत, प्लीज. ते सगळे करून झालेत.

मुक्ता७
वाचतेय. माझं अगदी असंच, फक्त वरचा ओठ.

अर्धवटराव
सोपं आहे. विषाणू रक्तात फिरत असतो. प्रतिकारशक्ती चांगली असली की दबून राहतो, कमी झाली की जिथे त्वचा नाजूक तिथे बाहेर पडतो. ओठाची त्वचा पातळ, म्हणून ओठ. प्रतिकारशक्ती वाढवा, प्रश्न मिटला.

नीरजा
मला पण महिन्या-दोन महिन्यांनी तोंड येतं. जिभेच्या कडेला आणि गालाच्या आत पांढरे गोल व्रण, तिखट लागलं की जीव जातो. बी १२ च्या गोळ्यांनी बराच फरक पडला. सावनी, तू बी १२ तपासलंस का?

खडूस_काका
नीरजाताई, धागा ओठाच्या बाहेरचा आहे, तुम्ही आत शिरलात. :)

त्वचावैद्य
काकांनी गमतीत सांगितलं, पण मुद्दा खरा आहे. नीरजा, तुमचं वर्णन तोंड येण्याचं आहे, तो वेगळा आजार. गालाच्या आत, जिभेच्या कडेला सुटे व्रण येतात, आधी पाण्याचे फोड नसतात, विषाणू नसतो आणि ते दुसऱ्याला लागत नाहीत. सावनीचं म्हणजे ओठाच्या कडेवर किंवा लगतच्या त्वचेवर घोसाने येणारे पाण्याचे फोड, तेही त्याच जागी पुन्हा. एवढ्या वर्णनावर बहुतेक वेळा निदान होतं, तपासणी लागत नाही. ओठांच्या दोन्ही कोपऱ्यांत चिरा पडतात तो तिसराच प्रकार, त्याची पण यात गल्लत होते.

अर्धवटराव, रक्ताचं बरोबर नाही. निरोगी माणसात दोन हल्ल्यांच्या मध्ये हा विषाणू रक्तात फिरत नसतो. फिरत असता तर सावनीला दर वेळी डाव्या कडेलाच का आला असता? रक्त तर उजवीकडेही जातं. प्रतिकारशक्तीचा मुद्दा मात्र अर्धा खरा आहे, त्याकडे नंतर येतो. ओपीडी संपली की लिहितो.

अर्धवटराव
मग त्या रक्ततपासणीत पॉझिटिव्ह कसा येतो? माझ्या भावाचा आला होता.

त्वचावैद्य
ती अँटिबॉडीची तपासणी. कधीतरी हा विषाणू शरीरात शिरला होता, एवढंच ती सांगते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार पन्नाशीच्या आतल्या जगातल्या साधारण दोन-तृतीयांश लोकांना एचएसव्ही-१ ची लागण झालेली आहे. म्हणजे या धाग्यावर लिहिणाऱ्या बहुतेकांची ती तपासणी पॉझिटिव्ह येईल, ज्यांना आयुष्यात एकही फोड आला नाही त्यांचीसुद्धा. ओठावरचा फोड याचाच आहे का, अशी शंका असेल तर ताज्या फोडातलं पाणी स्वॅबवर घेऊन पीसीआर करतात. खपली धरल्यावर स्वॅब घेतला तर विषाणू असूनही हाती न लागण्याची शक्यता वाढते.

पेशीपुराण
हा माझ्या कामाच्या जवळचा विषय, म्हणून सावनीच्या पहिल्या प्रश्नावर जरा सविस्तर लिहिते.

चेहऱ्याची संवेदना मेंदूकडे नेणारी ट्रायजेमिनल नावाची नस असते, डावीकडे एक, उजवीकडे एक. तिच्या चेतापेशींची मुख्य शरीरं कवटीच्या आत, साधारण कानाच्या पुढच्या बाजूला खोलवर, एका पुंजक्यात असतात. तिथून प्रत्येक पेशीचा एक लांब तंतू निघून ओठापर्यंत येतो. पहिल्यांदा लागण होते, बहुधा लहानपणी, तेव्हा विषाणू ओठाच्या किंवा तोंडाच्या त्वचेत वाढतो, तिथल्या तंतूच्या टोकातून आत शिरतो आणि उलटा प्रवास करत त्या पुंजक्यात जाऊन थांबतो. सावनीच्या विषाणूचा मुक्काम तिथे आहे, ओठात नाही.

हे कळलं कसं, तेही रंजक आहे. या नसेवर असह्य चेहरादुखीसाठी शस्त्रक्रिया करत. त्यानंतर काही दिवसांनी रुग्णांच्या ओठावर फोड उठतात, हे हार्वे कुशिंग या मेंदूशल्यविशारदाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच नोंदवलं होतं. १९५२ मध्ये कार्टन आणि किलबोर्न यांनी हेच नीट तपासून प्रसिद्ध केलं. ओठाला कोणी हातही लावलेला नाही, छेद कवटीच्या आत, आणि फोड ओठावर.

पुढे १९७० च्या दशकात मृत व्यक्तींच्या शरीरातून हे पुंजके काढून तपासले. ताजा पुंजका कुटून त्यात विषाणू शोधला तर काही सापडत नाही. पण त्याच पुंजक्याचे तुकडे प्रयोगशाळेत दुसऱ्या पेशींच्या सोबतीने जिवंत ठेवले, की काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनी, विषाणू बाहेर पडू लागतो. म्हणजे तयार विषाणू तिथे नव्हताच. तो नव्याने तयार करण्याचा मजकूर होता.

खडूस_काका
मेल्यावरसुद्धा विषाणू सोडत नाही म्हणजे. भाडेकरू असावा तर असा.

मुक्ता७
काका _/\_

पण पेशीपुराण, मजकूर होता म्हणजे काय? विषाणू झोपलेला आहे की नाही?

पेशीपुराण
झोपणं या शब्दाने वाटतं की अख्खा विषाणू कुठेतरी अंग चोरून पडला आहे. तसं नसतं. पेशीत शिरताना त्याचं बाहेरचं कवच गळून पडतं आणि फक्त डीएनए चेतापेशीच्या केंद्रकात पोहोचतो. तिथे त्याचं वर्तुळ बनतं आणि आपल्याच पेशीची हिस्टोन नावाची प्रथिनं त्याला घट्ट गुंडाळतात. कुलूपबंद कपाटातल्या पुस्तकासारखं. पुस्तक शाबूत आहे, पण उघडून वाचता येत नाही, म्हणून त्यातलं काही घडत नाही.

त्वचेच्या पेशीत असं होत नाही, तिथे शिरल्याबरोबर छपाई सुरू होते. फरक का पडतो? विषाणू सोबत व्हीपी१६ नावाचं एक प्रथिन आणतो. छपाई सुरू करण्याचं काम त्याचं. त्वचेत केंद्रक जवळ असतं, ते प्रथिन लगेच पोहोचतं. चेतापेशीत मात्र लांबलचक तंतू ओलांडायचा असतो आणि त्या प्रवासात ते डीएनएबरोबर केंद्रकापर्यंत पुरेसं पोहोचत नाही, असं मानलं जातं. हे एकच कारण आहे असं नाही, पण मोठं कारण आहे.

या अवस्थेत त्या डीएनएचा एकच भाग ठळकपणे चालू असतो, त्याला लॅट म्हणतात. त्यातून आरएनए निघतो, पण प्रथिन बनत नाही. आपली प्रतिकारयंत्रणा ओळखते ती मुख्यतः प्रथिनांवरून. प्रथिनच नाही तर पकडणार कोणाला? अर्धवटराव, म्हणून प्रतिकारशक्ती कितीही दणकट असली तरी तो मुक्काम रिकामा होत नाही.

अर्धवटराव
मग तापात, दगदगीतच का उठतो? काहीतरी संबंध आहेच की.

पेशीपुराण
आहे. त्या पुंजक्यात टी पेशी, म्हणजे प्रतिकारयंत्रणेचे शिपाई, चेतापेशींना खेटून पहाऱ्यावर असतात. एखाद्या पेशीत विषाणूने चुळबूळ सुरू केली, थोडं प्रथिन बनू लागलं, की बऱ्याचदा त्या तिथल्या तिथे दाबतात, तेही चेतापेशी न मारता. तेव्हा पहारा ढिला पडणं हा एक भाग. पण ऊन, ताप, नस दुखावणं यांत चेतापेशीलाच ताण बसतो आणि ती गुंडाळी सैल होते, हा दुसरा भाग. चांगली धडधाकट, प्रतिकारशक्ती उत्तम असलेली माणसंही उन्हात गेली की फोड घेऊन येतात. त्यांना 'तुझी प्रतिकारशक्ती कमी आहे' म्हणणं अन्यायाचं आहे.

अर्धवटराव
ठीक. तरी झोप आणि दगदग यांचा मला स्वतःला फरक दिसलाय, तो मी सोडणार नाही.

शांतपणे
माझं थोडं वेगळं. फोड ओठावर होता, त्याच काळात डोळा लाल झाला, उजेड सहन होईना. मी घरात पडून असलेले जुने ड्रॉप्स घातले, दोन दिवसांत दिसणं धूसर झालं. नेत्रतज्ज्ञांनी रंग घालून पाहिलं तर बुबुळावर झाडाच्या फांद्यांसारखी रेघ. माझे ड्रॉप्स स्टिरॉइडचे निघाले. डोळा वाचला, पण एक पुसट डाग राहिला. नसेची एक शाखा डोळ्याकडेही जाते, हे मला तेव्हा कळलं.

त्वचावैद्य
शांतपणे, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. फोड असताना डोळा लाल झाला, दुखला किंवा उजेड खुपू लागला तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ, आणि मनाने स्टिरॉइडचा थेंबही नाही. फोडाला हात लागला तर धुवायचा आणि कॉन्टॅक्ट लेन्स तशाच हाताने घालायची नाही.

आता सावनीचा तिसरा प्रश्न. सावनी, गेल्या वेळचा क्रम आठवतो का? दाढेचं काम कधी, हुळहुळ कधी, मलम कधी?

सावनी_क
आठवतंय, कारण त्या आठवड्यात एक समारंभ होता. दाढेचं काम सोमवारी दुपारी, खालची डावी दाढ, भूल देऊन. हुळहुळ बुधवारी रात्री जेवताना. गुरुवारी सकाळी उंचवटा, दुपारपर्यंत फोड. मलम शुक्रवारी संध्याकाळी आणलं, असायक्लोव्हिरचं. मग सांगितल्याप्रमाणे दिवसातून पाच वेळा लावलं. काडीचा उपयोग झाला नाही.

त्वचावैद्य
उदाहरण छान आहे, त्यावरच बोलू.

सोमवारी भुलीची सुई आणि तासभर ताणलेला जबडा, दोन्ही त्याच नसेच्या खालच्या शाखेच्या वाटेवर. तीच शाखा तुमच्या खालच्या ओठाच्या डाव्या बाजूला संवेदना देते. पुंजक्यातल्या काही मोजक्या पेशींत विषाणू सक्रिय झाला आणि नवीन माल तंतूतून ओठाकडे निघाला. तंतूतली जलद वाहतूक दिवसाला साधारण २० ते ४० सेंटीमीटर होते. पुंजक्यापासून ओठापर्यंतचं अंतर धरा १० सेंटीमीटरच्या आसपास. म्हणजे निघाल्यावर पोहोचायला सहा ते बारा तास. बाकीचा वेळ पेशीत जुळवाजुळव होण्यात गेला असणार. दर वेळी तीच जागा का, तर त्याच पेशींचे तंतू तिथेच जाऊन संपतात.

बुधवारी रात्री हुळहुळलं तेव्हा विषाणू बहुधा आधीच ओठात पोहोचून टोकाशी आणि आजूबाजूच्या त्वचेत वाढायला लागला होता. सगळ्यांना वाटतं की हुळहुळणं म्हणजे तो जागा झाला. तसं नाही, जागा तो त्याआधीच झालेला असतो. आपल्याला कळतं तेव्हा तो उंबरठ्यावर नसतो, घरात असतो. म्हणून पूर्ण अडवता येत नाही.

गुरुवारी फोड आले, आणि फोड आल्यानंतरच्या पहिल्या २४ तासांत त्यात सर्वांत जास्त विषाणू असतो. मग शरीरच त्याला आवरतं आणि संख्या भराभर उतरते. तुमचं मलम शुक्रवारी संध्याकाळी आलं. तोपर्यंत विषाणूची वाढ उताराला लागलेली, उरलेली खपली आणि वेदना म्हणजे झालेल्या नुकसानाची दुरुस्ती. दुरुस्तीवर हे औषध काम करत नाही.

मुक्ता७
मग बुधवारी रात्रीच लावलं असतं तर?

त्वचावैद्य
फायदा झाला असता, पण मलमाने थोडाच. त्वचेतून पुरेसं औषध आत उतरत नाही. माझा कल गोळीकडे असतो. प्रौढांसाठी एक पद्धत म्हणजे व्हॅलासायक्लोव्हिर २ ग्रॅम हुळहुळ जाणवताच, आणि १२ तासांनी आणखी २ ग्रॅम. संपलं, एका दिवसाचं औषध. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मात्रा कमी करावी लागते, गरोदरपणात आधी विचारायचं, त्यामुळे डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय नाही. पण दुखणं रात्री सुरू होतं, आणि दुसऱ्या दिवशी अपॉइंटमेंट मिळेपर्यंत ती वेळ निघून जाते. म्हणून ज्यांना वारंवार येतं त्यांनी आधीच चिठ्ठी घेऊन गोळ्या जवळ ठेवाव्यात, असं मी सांगतो.

अपेक्षा मात्र माफक ठेवा. एवढं वेळेवर घेऊनही चाचण्यांत हल्ला सरासरी एखाद्या दिवसाने कमी झाला. काहींचा फोड येतच नाही, पण काहींचा गोळी न घेताही हुळहुळण्यावरच थांबतो, त्यामुळे श्रेय कोणाचं ते एका माणसात सांगता येत नाही.

खडूस_काका
इतका उपद्व्याप करून एक दिवस? डॉक्टर, तुमच्यापेक्षा जाहिरातवाले बरे, ते दोन तासांत घालवतात.

सावनी_क
काका, मला समारंभाला जाताना तो एक दिवस पुरला असता. :)

गोळी वेळेवर घेतली, तर ती वर जाऊन पुंजक्यातलाही मारत नाही का? रक्तातून तिथपर्यंत जातच असेल ना?

पेशीपुराण
जाते, पण तिथे तिला काम नाही. असायक्लोव्हिर गटाचं औषध मुळात निष्क्रिय रूपात पेशीत शिरतं. त्याला चालू करण्याची पहिली पायरी विषाणूचंच एक एन्झाइम करतं, थायमिडीन कायनेज. म्हणून ज्या पेशीत विषाणू वाढतोय तिथेच औषध जागं होतं आणि निरोगी पेशींना फारसा धक्का लागत नाही. गर्ट्रूड एलियन यांना १९८८ चं नोबेल मिळालं, त्यामागच्या कामात हे औषधही होतं. पण ज्यामुळे ते इतकं सुरक्षित आहे त्यामुळेच ते इथे तोकडं पडतं. झोपलेल्या अवस्थेत ते एन्झाइम बनत नाही आणि डीएनएची नक्कलही होत नाही. औषधाला धरायला काही नाही.

सुप्त पडलेल्या त्या डीएनएलाच कापायचे प्रयत्न चालू आहेत. अमेरिकेतल्या फ्रेड हच केंद्रात उंदरांमध्ये जनुक-कात्री वापरून एका प्रकारच्या पुंजक्यातला ९० टक्क्यांहून जास्त सुप्त विषाणू नष्ट केल्याचं २०२० मध्ये प्रसिद्ध झालं. उंदरांत. माणसात अजून नाही, तेव्हा कोणी 'मुळासकट बरा करतो' म्हणाला तर पैसे खिशात ठेवा.

मुक्ता७
मला वर्षात आठ-नऊ वेळा येतं. दर वेळी गोळ्या घेत बसू?

त्वचावैद्य
वर्षात सहा किंवा जास्त वेळा येत असेल तर रोज थोडी मात्रा काही महिने घेण्याचा पर्याय असतो. हल्ले कमी होतात. थांबवली की मूळ चाल परत येऊ शकते, कारण वर पेशीपुराण यांनी लिहिलंय तेच. तुमच्या डॉक्टरांशी बोला.

नीरजा
लायसिनबद्दल कोणी बोललं नाही? माझ्या मावसबहिणीला खूप गुण आला. दाणे आणि चॉकलेट पण बंद केलं होतं तिने.

त्वचावैद्य
प्रयोगशाळेत या विषाणूला वाढायला आर्जिनिन नावाचं अमिनो आम्ल लागतं आणि लायसिन त्याच्या आड येतं, त्यावरून ती कल्पना निघाली. माणसांवरच्या चाचण्या छोट्या आहेत आणि एकमेकींशी जुळत नाहीत. मी लिहून देत नाही.

पेशीपुराण
मी इतकं ठाम 'नाही' म्हणणार नाही, पण त्यावर विसंबून गोळी टाळू नये. उन्हाचा पुरावा त्यापेक्षा कितीतरी चांगला आहे. १९९१ मध्ये वारंवार फोड येणाऱ्या लोकांच्या ओठांवर मुद्दाम अतिनील किरण सोडले. नुसतं बिनऔषधी मलम लावलेल्या ३८ पैकी २७ जणांना फोड आले, तेच लोक सनस्क्रीन लावून आले तेव्हा ३५ पैकी एकालाही नाही.

त्वचावैद्य
पण ते प्रयोगशाळेतल्या दिव्याखाली. बर्फात स्कीइंग करणाऱ्यांवरच्या एका अभ्यासात सनस्क्रीनने फरक पडला नव्हता. प्रत्यक्षात लोक ओठ चाटतात, पुसतात, पुन्हा लावत नाहीत. एसपीएफवाला लिप बाम मी सुचवतोच, फक्त हमी देत नाही.

शांतपणे
लागण कधी होते दुसऱ्याला? घरात तान्हं बाळ आहे.

त्वचावैद्य
हुळहुळ सुरू झाल्यापासून ते खपली गळून त्वचा पूर्ण भरेपर्यंत धोका जास्त. फोड नसतानाही अधूनमधून लाळेत थोडा विषाणू येतो, त्यामुळे शून्य धोका कधीच नाही. नवजात बाळाच्या बाबतीत मात्र मी कडक आहे. पहिल्या काही आठवड्यांत त्यांना ही लागण जिवावर बेतू शकते. फोड असलेल्याने मुका घ्यायचा नाही, मग आजोबा रुसले तरी चालतील. बाळ दूध पीत नसेल, मलूल असेल, ताप किंवा अंगावर फोड असतील तर थेट रुग्णालय. एक्झिमा असलेल्या मुलांनाही जपा, त्यांच्या अंगभर पसरू शकतं.

सावनी_क
सगळ्यांचे आभार. निदान आता ओठाला दोष देणार नाही, भानगड कानाजवळ आहे.

एक उरलं. उरलेल्या दाढेचं काम पुढच्या महिन्यात आहे. त्या दिवशी आधीच गोळी घ्यावी का?

त्वचावैद्य
दाढेच्या कामानंतर दर वेळी येत असेल तर काही डॉक्टर कामाच्या दिवशी सुरू करून देतात. तुमच्या बाबतीत ते एकदाच घडलंय, तेव्हा मी गोळ्या जवळ ठेवून वाट पाहीन. कामाच्या दिवशी फोड ताजा असेल तर मात्र दंतवैद्यांना आधी फोन करा, ते बहुधा पुढची तारीख देतील. ताज्या फोडावर काम केलं तर तो ओठभर पसरू शकतो आणि त्यांच्या बोटांना, डोळ्यांनाही लागू शकतो.

पेशीपुराण
मी असते तर कामाच्या दिवशीच घेतली असती. एकदा घडलंय, तीच नस, तीच बाजू.

त्वचावैद्य
इथे आपलं जमणार नाही. सावनी, तुमच्या डॉक्टरांना दोन्ही मतं सांगा.

खडूस_काका
आणि समारंभाची तारीख दाढेच्या आधी घ्या.